चलनाच्या मागे लपलेले दहा दिवस

एमआयडीसीतला एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. सफाई आणि माल चढवण्या-उतरवण्याचं काम कंत्राटदाराकडे आहे, कामगार ६०. दर महिन्याच्या बिलाला मस्टर, पगारपत्रक, बँकेत पगार जमा झाल्याची यादी आणि प्रॉव्हिडंट फंडाचं चलन जोडलेलं असतं. अंतर्गत लेखापरीक्षकाने नुसते कागद मोजले, तर सगळे जागच्या जागी सापडतील. तरीही कामगारांचे पैसे कुठेतरी अडकलेले असू शकतात. ते शोधायचे तर सुरुवात कंत्राटदाराच्या फायलीपासून न करता कंपनीच्याच खरेदी विभागापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

समजा, या कामाचं किमान वेतन दिवसाला ५५० रुपये आहे. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, त्यातला विमा आणि प्रशासकीय खर्च धरून १३ टक्के, म्हणजे ७१.५० रुपये. ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे सुमारे १८ रुपये, आणि किमान बोनसचे ८.३३ टक्के म्हणजे सुमारे ४६. बेरीज झाली ६८५. भरपगारी रजा, गणवेश आणि कंत्राटदाराचा नफा अजून यात आलेलाच नाही. आणि खरेदी विभागाने ठरवलेला दर आहे ६४० रुपये. दर ठरला तेव्हा तो कदाचित पुरतही असेल, पण किमान वेतनातला महागाईशी जोडलेला भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो आणि कंत्राट मात्र दोन वर्षांचं असतं. माणसामागे रोज ४५ रुपयांची तूट, ६० माणसं, २६ दिवस: महिन्याला ७० हजारांच्या वर. हे पैसे कंत्राटदार स्वतःच्या खिशातून घालणार नाही.

मग तो काय करतो? पीएफच्या मासिक विवरणात, म्हणजे ईसीआरमध्ये, प्रत्येक कामगारासमोर पगार आणि बिनपगारी दिवस लिहायचे असतात. तिथे तो सगळ्यांना १० दिवस गैरहजर दाखवतो. पगारातून १२ टक्के कपात होते २६ दिवसांची, भरणा होतो १६ दिवसांचा. दहा दिवसांच्या ५,५०० रुपयांवर कामगाराचे ६६० आणि मालकाच्या वाट्याचे ७१५, असे १,३७५ रुपये माणसामागे वाचतात. साठ जणांचे ८२,५००. तूट भरून निघते, वर थोडं उरतंही.

चलनाच्या पानावर फक्त एकूण रक्कम असते, म्हणून तिथे हे दिसत नाही. एकच चलन तीन कंपन्यांच्या बिलांना जोडलेलंही सापडतं. त्यासाठी ईसीआरमधली नावनिशीवार यादी मागवावी आणि प्रत्येकाच्या यूएएन क्रमांकासमोरचे दिवस गेटच्या पंचिंगशी ताडून पाहावेत. मस्टर कंत्राटदार लिहितो, गेटची नोंद कंपनीची असते. त्यामुळे पुरावा म्हणून गेटच धरावं. तिथे २६ आणि ईसीआरमध्ये १६ निघाले, की शंकेला जागा उरत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याच कागदावर उमटत नाही. पगार पूर्ण जमा होतो आणि मग मुकादम त्यातले दोन हजार रोख परत घेतो. कधी एटीएम कार्डंच त्याच्याकडे असतात. हे कळायला कामगारांशी एकेकटं, सुपरवायझर जवळ नसताना बोलावं लागतं. पगार किती मिळतो याचं उत्तर सगळ्यांच्या तोंडून शब्दशः सारखं आलं, तर थांबून पुन्हा विचारावं.

‘हा कंत्राटदाराचा गुन्हा, आमचा काय संबंध?’ असं व्यवस्थापन म्हणतं. कायदा तसं म्हणत नाही. कंत्राटदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर तो मुख्य नियोक्त्याने द्यायचा आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २०२० च्या संहितेतही आहे. पीएफची थकबाकीही त्याच्यापर्यंत पोहोचते. आपल्या उदाहरणात वर्षाला ९ लाख ९० हजार, वर व्याज आणि दंड. वसुलीचा हक्क कंपनीला आहे खरा, पण कंत्राट संपून अनामत परत दिली गेली असेल, तर वसूल कशातून करणार? म्हणून शेवटचं बिल आणि अनामत, ईसीआरची ताडणी झाल्याशिवाय सोडू नये.

आणि अहवालात पहिला मुद्दा ६४० रुपयांचा लिहावा. नुसता कंत्राटदार बदलला, तर त्याच दरात येणारा दुसराही तेच दहा दिवस कापेल. दर वाढवून किमान वेतन बदलेल तसा तो बदलण्याची अट कंत्राटात घालावी. मागचा फरक कामगारांच्या खात्यात भरून घ्यावा, आणि तो भरला गेला का, हे त्यांच्याच मोबाईलवरच्या पीएफ पासबुकात त्यांच्यासोबत बसून पाहावं.