पूला केवढा, बोझा केवढा

दिवाळीच्या सुमारास दिल्लीच्या धुराच्या बातम्या सुरू झाल्या की ‘पराली’ हा शब्द मराठी वाचकाच्याही कानावर पडतो. पराली म्हणजे भाताचा पेंढा. हरियाणातून पूर्वेकडे निघालात तर हाच पेंढा ब्रज आणि बुंदेलखंडात ‘पयाल’ होतो, पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये ‘पुआल’ होतो आणि छत्तीसगडमध्ये ‘पैरा’. हे सगळे स्वतःला हिंदीभाषकच म्हणवतात, शाळेत एकच हिंदी शिकतात. पण शाळेच्या हिंदीत शेतीची भाषा फारशी आलेलीच नाही. ती घरातली आणि बांधावरची राहिली, आणि घरात कोणी ब्रज बोलतं, कोणी भोजपुरी, कोणी माळवी.

काही फरक नुसते उच्चाराचे असतात आणि सवयीने ओळखता येतात. अवधी-भोजपुरी मुलखात ‘ल’चा ‘र’ होतो. त्यामुळे ‘हल’ तिकडे ‘हर’ होतो, त्याचा ‘फाल’ ‘फार’ होतो आणि ‘खलिहान’, म्हणजे आपलं खळं, ‘खरिहान’ होतं. काही ठिकाणी शब्दच वेगळे असतात, पण तेही निदान सरळ असतात. तुरीला उत्तर प्रदेशात ‘अरहर’, माळव्यात ‘तुअर’ आणि बिहारमध्ये ‘रहर’ म्हणतात. जवसाला पश्चिमेकडे ‘अलसी’ आणि पूर्वेकडे ‘तीसी’. शब्द ठाऊक नसला तर माणूस विचारतो आणि काम पुढे जातं.

घोटाळा होतो तो शब्द तोच आणि वस्तू वेगळी असते तेव्हा. आपण ज्वारीला जोंधळा म्हणतो. छत्तीसगडमध्ये ‘जोंधरा’ म्हणजे मका. मका अमेरिकेतून आलेलं पीक, इथे पोचलं पोर्तुगीज आल्यानंतर. कोवळं रोप ज्वारीसारखं दिसतं, तेव्हा नव्या पिकाला ज्वारीचंच नाव चिकटलं असावं, आणि कुठे ते जुन्याकडे राहिलं तर कुठे नव्याने पळवलं. ‘तोरी’ दिल्लीच्या बाजारात मागितली तर दोडक्याच्या जातीची भाजी मिळते. बिहारमध्ये तोरी म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. हत्यारांचंही तेच. मराठीतली कुदळ टोकदार, कठीण जमीन फोडणारी. बिहारचा ‘कुदाल’ रुंद पात्याचा. आपण त्याला फावडंच म्हणू. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या कामाच्या वस्तूला ‘फावड़ा’ म्हणतात, हरियाणात ‘कस्सी’ आणि छत्तीसगडमध्ये ‘रापा’.

हे असं का, याचं एक कारण जमिनीत आहे. काळ्या मातीत वखर लागतो, म्हणून माळव्यात आणि बुंदेलखंडात ‘बखर’ आहे, आणि तो शब्द विदर्भातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. गंगेच्या गाळाच्या जमिनीत त्याचं काम पडत नाही, म्हणून तिकडे शब्दही रुजला नाही. उलट तिथे ढेकळं फोडून जमीन सपाट करणारी फळी महत्त्वाची. ती पश्चिमेला ‘पाटा’, हरियाणात ‘सुहागा’ आणि पूर्वेला ‘हेंगा’.

मला मोठं कारण लोहार-सुताराचं वाटतं. बैलाच्या काळात अवजार गावातच घडायचं आणि बिघडलं की गावातच दुरुस्त व्हायचं. ज्या वस्तूची विक्री पंचक्रोशीबाहेर होत नाही, तिच्या नावालाही पंचक्रोशीबाहेर जाण्याचं कारण नसतं. ग्रियर्सन या सनदी अधिकाऱ्याने 1885 साली ‘बिहार पेझंट लाइफ’ हे पुस्तक काढलं. त्यात तो नांगराच्या एकेका भागाचं नाव गंगेच्या उत्तरेला काय आणि दक्षिणेला काय, असं वेगवेगळं देत जातो. एकाच प्रांतात, एकाच नांगराचं. पुढे पाटण्याच्या बिहार राष्ट्रभाषा परिषदेने ‘कृषिकोश’ काढला, अंबाप्रसाद ‘सुमन’ यांनी अलीगढकडच्या शेतकऱ्यांची ब्रज शब्दावली गोळा केली. भाषांतरकाराने ही पुस्तकं जवळ ठेवावीत. मात्र ती बैलाच्या शेतीची आहेत, आणि आज भाषांतराला येतं ते ट्रॅक्टरमागच्या यंत्राचं माहितीपत्रक.

यंत्राची गोष्ट उलटी आहे. ते कारखान्यातून येतं, दुकानात विकलं जातं, आणि सुटा भाग हवा तर बिलावर जे नाव असतं तेच सांगावं लागतं. म्हणून रोटावेटर सगळीकडे ‘रोटावेटर’, बेअरिंग सगळीकडे ‘बेयरिंग’, पीटीओ सगळीकडे ‘पीटीओ’. इथे शुद्ध हिंदी घडवायला बसणारा भाषांतरकार शेतकऱ्याला दुकानात तोंडघशी पाडतो. तेव्हा कामाचा पहिला नियम सोपा होतो: विकत आणायच्या वस्तूला दुकानातलं नाव द्यावं, आणि हाताने करायच्या कामाला गावातलं.

पण जुना शब्द नव्या यंत्रावर चढून बसला की हा नियम फसतो. हरियाणात ट्रॅक्टरमागे लावायच्या कल्टिव्हेटरलाही शेतकरी सर्रास ‘हल’ म्हणतात. मूळ मजकुरात खोल नांगरट सांगितली असेल आणि भाषांतरात नुसतं ‘हल चलाएँ’ आलं, तर तो माणूस कल्टिव्हेटर फिरवून मोकळा होईल. जमीन चार-पाच इंच हलेल. हवी होती आठ-दहा इंच पलटी. म्हणून जाणता भाषांतरकार ‘मिट्टी पलटने वाला हल’ लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘एमबी प्लाऊ’ हे दुकानातलं नावही देतो. तव्यांच्या नांगराला ‘तवेदार हल’ म्हणतात. हे शब्द टिकले, कारण यंत्राकडे पाहिलं की ते पटतात.

आता एक काम सुरुवातीपासून पाहू. समजा गव्हाच्या थ्रेशरवर चिकटवायची हिंदी सूचनापट्टी करायची आहे. यंत्र हरियाणापासून बिहारपर्यंत विकलं जाणार आणि पट्टी एकच. इंग्रजी मजकुराचा अर्थ असा: पिकाच्या लहान पेंढ्या सारख्या वेगाने आत सोडा, तोंडात हात घालू नका, ओलं पीक घालू नका, अडकलं तर यंत्र बंद करा.

थ्रेशरचं नाव थ्रेशरच ठेवायचं. गावात ‘थ्रेसर’ म्हणतात, फरक पडत नाही. हरियाणाकडे ‘हड़ंबा’ हा शब्द चालतो, पण तो एका विशिष्ट घडणीच्या थ्रेशरचा, तेव्हा तो नको. मळणीला मात्र एक नाव नाही. बैलांच्या पायाखालची मळणी ब्रजमध्ये ‘दाँय’, भोजपुरीत ‘दँवरी’, मध्य प्रदेशात ‘गहाई’, छत्तीसगडमध्ये ‘मिंजाई’ आणि पुस्तकी हिंदीत ‘मड़ाई’. इथे भाषांतरकाराने शब्द निवडतच बसू नये. पट्टी थ्रेशरवरच लागणार आहे, तो काय करतो हे समोरच्याला ठाऊक आहे. मळणीचा शब्द गाळला तरी सूचना पुरी होते.

पुढे ते तोंड. ज्या पन्हळीतून पीक आत सरकवतात तिला इंग्रजी माहितीपत्रकात ‘फीडिंग चूट’ म्हणतात. कोशाच्या वाटेने गेलं तर ‘भरण-नलिका’ असं काहीतरी हाती लागतं, जे कोणी कधी बोललेलं नाही. सुरक्षेच्या पत्रकांत ‘परनाला’ शब्द वापरतात. परनाला म्हणजे छपरावरचं पाणी खाली सोडणारी पन्हळ; दोन्ही शब्द एकाच घरातले, आणि वस्तूही दिसायला तशीच. हा भाग नीट समजणं हातापायाचा प्रश्न आहे. आत ड्रम मिनिटाला शेकडो फेरे घेत असतो आणि पिकाबरोबर ते धरलेला हातही ओढतो. म्हणून सुरक्षित थ्रेशरची पन्हळ निदान 90 सेंटिमीटर लांब आणि यंत्राकडच्या बाजूला 45 सेंटिमीटर वरून झाकलेली असते, म्हणजे हात सहजासहजी ड्रमपर्यंत पोचत नाही. धोकादायक यंत्रांसाठी 1983 साली केंद्राने कायदा केला, तोही मुख्यतः थ्रेशरच्या अपघातांमुळेच. ‘तोंडात हात घालू नका’ हे वाक्य त्यामुळे पुरेसं नाही. हात कुठवर न्यायचा ते सांगायला हवं, आणि डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे ते झाकण. तेव्हा ‘परनाले के ढके हिस्से के भीतर हाथ न डालें’. ‘परनाला’ हा शब्द कुठे नवखा वाटला तरी ‘ढका हिस्सा’ सगळ्यांना दिसतो.

सगळ्यात अवघड निघते पेंढी. कोशात ‘गट्ठर’ मिळतो, आणि घाईत तोच छापला जातो. पश्चिमेकडे कापणी करून बांधतात तो ‘पूला’, लहानसा. बिहारमध्ये लहान पेंढीला ‘आँटी’ म्हणतात, आणि अशा अनेक आँट्यांचा डोक्यावरून न्यायचा भारा म्हणजे ‘बोझा’. ‘गट्ठर’ वाचून कोणी पूला समजेल, कोणी अख्खा बोझा. बोझा आत ढकलला की ड्रम गुदमरतो, पट्टा घसरतो, माणूस अडकलेलं ओढायला हात पुढे करतो, आणि ज्यासाठी पट्टी लावली तेच घडतं. ‘पूला’ छापावा तर पूर्वेकडे तो नेमका केवढा हे प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. दोन-तीन पर्यायी शब्द कंसात घालावेत तर पट्टीवर जागा नाही. यावर उपाय असा की नाव सोडायचं आणि माप द्यायचं: दोन्ही हातांत मावेल एवढं. हात सगळीकडे सारखेच.

शेवटी मजकूर असा झाला:

‘फ़सल थोड़ी-थोड़ी लगाएँ, जितनी दोनों हाथों में आए। परनाले के ढके हिस्से के भीतर हाथ न डालें। गीली फ़सल न लगाएँ। फँस जाए तो पहले मशीन बंद करें, फिर निकालें।’

‘लगाना’ हे क्रियापद थ्रेशरवर काम करणाऱ्यांचं आहे. ‘डालना’ म्हटलं की टाकून मोकळं होण्याचा भास होतो. पट्टी छापण्याआधी ती दोन-तीन जिल्ह्यांतल्या चालकांना वाचायला द्यावी. ‘समझ में आया?’ असं विचारू नये, कारण त्याला सगळे हो म्हणतात. ‘ढका हिस्सा कहाँ है, हाथ रखकर दिखाओ’ असं म्हणावं, अर्थात यंत्र बंद असताना. आणि किती पीक धराल तेही उचलून दाखवायला सांगावं. कोणी कवेत भारा घेऊन उभा राहिला तर पहिली ओळ पुन्हा लिहायची. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शेजारी चित्र लागतंच, कारण खळ्यावर पट्टी वाचणारा मालक आणि पीक लावणारा मजूर हे बहुतेकदा वेगळे असतात.

हेच थ्रेशर महाराष्ट्रातही विकले जातात आणि त्यांच्यावर मराठी पट्टी लागते. तिच्यात ‘पेंढी’ हा शब्द वापरण्याआधी कोकणातली आणि मराठवाड्यातली पेंढी एकदा शेजारी ठेवून पाहायला हवी. तुमच्याकडे ती केवढी बांधतात?