बॅगेच्या आतली बॅग

हिवाळ्यात उत्तराखंडमधल्या केदारकंठाला जाणारे बहुतेक ट्रेकर स्वतःची स्लीपिंग बॅग नेत नाहीत. ती ट्रेक नेणारी संस्था देते, किंवा सांकरी गावात भाड्याने मिळते. हंगाम सुरू झाला की एकच बॅग दर दोन-चार दिवसांनी नव्या माणसाच्या हाती जाते. ती प्रत्येक वेळी धुणं शक्यही नसतं, कारण जाड बॅग वाळायला कित्येक दिवस लागतात आणि वारंवार धुतल्याने तिच्यातलं भरण बसतं, म्हणजे ऊबही कमी होते. या अडचणीवरचा सोपा उपाय म्हणजे लायनर: बॅगेच्या आत घालायची पातळ कापडी पिशवी. माणूस पिशवीत झोपतो, पिशवी बॅगेत राहते, आणि घरी आल्यावर धुवायची ती फक्त पिशवी.

आल्प्समधल्या डोंगरी झोपड्यांत ही सवय नियम म्हणून रुजली आहे. जर्मन अल्पाइन क्लबच्या झोपड्यांमध्ये गादी आणि ब्लँकेट मिळतं, पण स्वतःचा लायनर आणावाच लागतो. युरोपातल्या अनेक हॉस्टेलांत तर बाहेरची स्लीपिंग बॅग आत आणायलाच मनाई असते, कारण तिच्या घड्यांमधून ढेकूण येतात. लायनर चालतो. आपल्याकडेही त्याचा उपयोग ट्रेकपुरता नाही. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातली ब्लँकेटं महिन्यातून किमान एकदा धुतली जातात, असं 2024 मध्ये लोकसभेत सांगण्यात आलं. त्या ब्लँकेटखाली स्वतःचा लायनर असला तर झोप निश्चिंत लागते.

दुकानात गेलं की मात्र प्रश्न सुरू होतात. रेशमी, सुती की कृत्रिम धाग्याचा? उत्तर कापडाआधी कामावर ठरतं. लायनरकडून तीन कामं अपेक्षित असतात: स्वच्छता, उकाड्यात पांघरूण आणि थंडीत जादा ऊब. पहिलं काम तिन्ही कापडं सारखंच करतात. खरा फरक पडतो तो उरलेल्या दोन कामांत, आणि वजनात.

रेशमी लायनरचं वजन साधारण 120 ते 150 ग्रॅम भरतं आणि घडी करून तो मुठीत मावतो. सुती लायनर 300 ते 450 ग्रॅमचा, आणि घडी केली तरी छोट्या उशीएवढा. हॉस्टेल ते हॉस्टेल फिरणाऱ्याला, किंवा गाडीने जाऊन एका जागी मुक्काम करणाऱ्याला, हा फरक जाणवणारही नाही. सुती कापड स्वस्त असतं, वॉशिंग मशीनमध्ये बिनदिक्कत टाकता येतं आणि ओलं असताना उलट जास्त मजबूत होतं. पण घामाने किंवा तंबूतल्या दवाने भिजलं की ते लवकर वाळत नाही, आणि ओलं सुती कापड थंडीत अंगाची ऊब ओढून घेतं. म्हणून बर्फातल्या ट्रेकला सुती लायनर नेऊ नये.

रेशीमही पाणी शोषतं. दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे 11 टक्के ओलावा धरतं, कापूस 8 टक्क्यांच्या आसपास. तरी रेशमी लायनर लवकर वाळतो, कारण त्यात मुळात कापडच थोडं असतं. शिवाय ते गुळगुळीत असल्यामुळे कूस बदलताना अंगाभोवती पीळ पडत नाही. सुती लायनर नेमका इथे त्रास देतो: रात्रभरात तो पायांभोवती दोरखंडासारखा गुंडाळला जातो.

उकाड्याच्या रात्रीचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात कोकणातल्या किनाऱ्यावर तंबू ठोकला तर स्लीपिंग बॅग अंगाखाली अंथरायची आणि आपण नुसत्या लायनरमध्ये झोपायचं. इथे साधं पॉलिएस्टर चिकटतं, कारण ते घामाची वाफ जवळजवळ शोषतच नाही. घाम पसरवून वाळवणाऱ्या खास विणीचे कृत्रिम लायनर बरे पडतात, पण रेशीम किंवा मलमलीसारखं झिरझिरीत सुती कापड अंगाला अधिक सुखावह वाटतं. एक मर्यादा लक्षात ठेवायची: पातळ कापड अंगाला ताणून बसलं असेल तर डास त्यातूनही चावतो. मच्छरदाणी लागतेच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती थंडीच्या बाबतीत. काही कृत्रिम लायनरच्या वेष्टनावर आठ अंश, अगदी पंधरा अंशांपर्यंत जादा ऊब मिळेल असा दावा छापलेला असतो. स्लीपिंग बॅगेचे अंश आयएसओ 23537 या मानकानुसार मोजता येतात. त्यात तापवलेला पुतळा मॅटवर, अंगात कपड्यांचा एक थर घालून बॅगेत ठेवतात. हे मानक बॅगेसाठी आहे, सुट्या लायनरचे अंश त्याने ठरत नाहीत. अनुभवी ट्रेकरांचा हिशेब याहून बराच सावध असतो: रेशमी लायनरने दोन-तीन अंश, मायक्रोफायबर किंवा पोकळ धाग्याच्या लायनरने तीन-चार आणि जाड फ्लीसने पाचच्या आसपास.

आता केदारकंठाच्या वाटेवरची एक रात्र धरू. भाड्याच्या बॅगेवर आरामदायी तापमान उणे 2 लिहिलंय आणि पहाटे तंबूत पारा उणे 7 पर्यंत उतरणार आहे. तफावत पाच अंशांची. रेशमी लायनर त्यातली निम्मी भरून काढेल. फ्लीसचा लायनर सगळी भरून काढू शकेल, पण तो 400 ते 700 ग्रॅमचा असतो आणि सॅकमध्ये बरीच जागा खातो. शिवाय अरुंद बॅगेत जाड फ्लीस कोंबला तर बॅगेतलं भरण दाबलं जातं आणि मिळवलेली ऊब तिथेच जाते. एवढं वजन वाहायचंच असेल तर अधिक उबदार बॅग मागून घेणं फायद्याचं. तसं शक्य नसेल तर रेशमी लायनर, कोरडा थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी आणि अंगाखाली एकाऐवजी दोन मॅट. जमिनीकडून येणारा गारवा लायनर थांबवू शकत नाही. पाठ गार पडून जाग येत असेल, तर कमतरता मॅटची आहे असं समजावं.

रेशीम घ्यायचं ठरलं तर ते रेशीमच आहे ना, हे पाहावं. ‘सिल्क’ किंवा ‘सिल्की’ लिहिलेले बरेच लायनर पॉलिएस्टर सॅटिनचे निघतात. पैठणी घेताना दिसणारं सिल्क मार्कचं लेबल केंद्रीय रेशीम मंडळाने 2004 मध्ये सुरू केलं, पण लायनरवर ते क्वचितच सापडतं. मग शिवणीतून एक-दोन धागे काढून पेटवून पाहावेत, अर्थात शिलाईचे नव्हे, कापडाचे. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरली जाते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. कापूस कागदासारखा जळतो.

रेशमी लायनर रिठ्याच्या पाण्यात किंवा लोकरीच्या कपड्यांच्या सौम्य साबणाने हाताने धुवावा. कपडे धुण्याची नेहमीची पावडर त्याचा धागा कमकुवत करते. ओलं रेशीम नाजूक असतं, म्हणून पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावं आणि सावलीत वाळवावं.

खर्च नको असेल तर घरची मऊ झालेली सुती एकेरी चादर पुरते. 60 बाय 90 इंचांची चादर लांबीत दुमडली की सुमारे 76 सेंटिमीटर रुंदीची पिशवी होते. तळ पूर्ण शिवायचा, बाजू मात्र वरची साधारण 60 सेंटिमीटर उघडी ठेवायची म्हणजे आत शिरताना शिवण उसवत नाही. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना नाड्या लावून त्या बॅगेच्या आतल्या फासांना बांधल्या की पिशवी रात्रभर जागची हलत नाही.