भावाच्या पुढे धावणारी सरासरी

शेअरच्या चार्टवर भावाच्या सोबतीने जाणारी सरासरीची रेषा नेहमी थोडी उशिराच वळते. भाव वर निघून गेल्यावर ती वर येते आणि भाव पडून गेल्यावर खाली. हा उशीर कमी करण्यासाठी गेल्या तीस-चाळीस वर्षांत बऱ्याच युक्त्या निघाल्या. त्यांतली एक लोकप्रिय युक्ती ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलन हल यांची. २००५ साली त्यांनी मांडलेली ‘हल मूव्हिंग अ‍ॅव्हरेज’ आज जवळपास प्रत्येक चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये मिळते. ती उशीर खरोखरच कमी करते. मात्र त्या बदल्यात आपण काय देतो, याचा हिशेब फार थोडे जण मांडतात. तो हिशेब कागदावर मांडता येतो, आणि त्यासाठी बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी पुरते.

आधी उशीर येतो कुठून ते पाहू. सोळा दिवसांची साधी सरासरी म्हणजे शेवटच्या सोळा बंद भावांची बेरीज भागिले सोळा. तीत आजचा भाव शून्य दिवस जुना, कालचा एक दिवस आणि सर्वांत जुना पंधरा दिवस. या सगळ्या वयांची सरासरी साडेसात दिवस येते. म्हणून भाव रोज एक रुपयाने चढत असेल, तर ही रेषा त्याच्याखाली बरोबर साडेसात रुपयांवर चालते. तिचा उशीर म्हणजे तिने वापरलेल्या भावांचं सरासरी वय.

हे लक्षात आलं की पहिली सुधारणा आपोआप सुचते: ताज्या भावांना जास्त वजन द्यायचं. भारित सरासरीत आजच्या भावाला १६, कालच्याला १५ असं उतरत जाऊन सर्वांत जुन्याला १ वजन मिळतं आणि बेरजेला १३६ ने भागतात. आता सरासरी वय ५ दिवसांवर येतं. अडीच दिवसांचा हा फायदा घेताना कोणतीही नवी विकृती शिरत नाही. सगळी वजनं धन असल्यामुळे रेषा त्या सोळा दिवसांतल्या सर्वांत चढ्या आणि सर्वांत उतरत्या भावाच्या बाहेर जाऊच शकत नाही.

हल यांचं समाधान पाच दिवसांवर झालं नाही. त्यांनी असा विचार केला: आठ दिवसांची भारित सरासरी साधारण २.३३ दिवस मागे असते आणि सोळा दिवसांची ५ दिवस मागे. या दोहोंमधलं अंतर आपल्याला ठाऊक आहे. मग तेवढंच अंतर आठ दिवसांच्या सरासरीत आणखी एकदा मिळवलं तर? दुप्पट छोटी सरासरी उणे मोठी सरासरी. उशिराचं गणितही तसंच चालतं: २.३३ ची दुप्पट ४.६७, त्यातून ५ वजा केले की उणे ०.३३ उरतात. म्हणजे सरळ चढणाऱ्या भावाच्याही ही रेषा किंचित पुढे जाते. मात्र ती खूप थरथरते, म्हणून तिच्यावर सोळाच्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे चार दिवसांच्या भारित सरासरीचा हात फिरवतात. त्यामुळे उशीर एका दिवसाने वाढतो आणि शेवटी सुमारे ०.६७ दिवस राहतो. साडेसात दिवसांवरून पाऊण दिवसाच्याही आत. सूत्र असं:

```
HMA(n) = WMA( 2*WMA(n/2) - WMA(n), sqrt(n) )
```

या सूत्रातलं वजाबाकीचं चिन्ह काय करतं, ते एका छोट्या उदाहरणात बघण्यासारखं आहे. सोळाऐवजी चार दिवस घेऊ. बंद भाव असे: १००, १००, ११०, ११०. शेवटच्या दोन दिवसांची भारित सरासरी ११०. चार दिवसांची भारित सरासरी १०७, कारण ताज्या दोन दिवसांचं वजन ७० टक्के आणि जुन्या दोघांचं ३० टक्के. आता ११० ची दुप्पट २२०, उणे १०७, उत्तर ११३. चारही दिवसांत भाव ११० च्या वर एकदाही गेलेला नाही आणि त्यांची ‘सरासरी’ ११३!

वजनं सुटी केली की कारण दिसतं. या वजाबाकीत आजच्या भावाला ९३ टक्के वजन मिळतं, कालच्याला ३७ टक्के, परवाच्याला उणे २० आणि त्याआधीच्याला उणे १०. बेरीज १०० टक्केच आहे. पण ताज्या दोन दिवसांना मिळून १३० टक्के मिळाले आणि तो जादा भार जुन्या भावांतून वजा केला गेला. ११० चे १३० टक्के १४३, त्यातून १०० चे ३० टक्के गेले, राहिले ११३. जुना भाव जितका कमी, तितकी आजची रेषा वर ढकलली जाते.

यातून सुटकाही नाही. सरासरी वय शून्याजवळ आणायचं आणि तरीही अनेक दिवसांचे भाव वापरायचे, तर काही जुन्या दिवसांना ऋण वजन द्यावंच लागतं. सगळी वजनं धन ठेवून वय शून्य करायचं तर संपूर्ण वजन आजच्याच भावावर टाकावं लागेल, आणि मग ती सरासरी राहतच नाही. पॅट्रिक मलॉय यांनी १९९४ साली मांडलेली ‘डबल एक्स्पोनेन्शियल’ सरासरी वेगळ्या सूत्राने बनते, पण तिच्याही पोटात हीच वजाबाकी आहे आणि तीही अशीच पुढे निसटते.

आता सोळा दिवसांच्या हल सरासरीकडे परत येऊ. समजा, एक शेअर बरेच दिवस १०० वर स्थिर आहे. एक दिवस तो ११० वर जातो आणि तिथेच थांबतो. पहिल्या दिवशी हल रेषा १०१.३१ वर येते, चौथ्या दिवशी १०८.१२ वर, पाचव्या दिवशी १०९.९४ वर. इथवर तिचं कौतुकच करायला हवं, कारण साधी सरासरी पाचव्या दिवशी जेमतेम १०३.१३ वर असते. पण हल रेषा थांबत नाही. सहाव्या दिवशी ती १११.२८, आठव्या दिवशी ११२.५१. दहा रुपयांच्या उडीवर अडीच रुपयांचा जादा झोका. मग ती हळूहळू उतरते आणि एकोणिसाव्या दिवशी ११० वर स्थिरावते. या रेषेतल्या सगळ्या ऋण वजनांची बेरीजही सुमारे २५ टक्के आहे. अशा उडीवर रेषा किती पुढे निसटेल हे ती बेरीज आधीच सांगते.

अशी उडी पुस्तकातच असते असं कोणी म्हणेल. ३ जून २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या एक्झिट पोलनंतर, निफ्टी एका दिवसात सुमारे ७३३ अंकांनी वर बंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू असताना सुमारे १,३७९ अंकांनी खाली. कंपन्यांचे तिमाही निकाल आले की एकेका शेअरमध्ये अशा उड्या वर्षभर दिसतात.

तरीही माझ्या मते उडीपेक्षा धोकादायक ठरते ती शांतपणे थांबलेली चढण. शेअर महिनाभर रोज एक रुपयाने चढत १५० वर आला आणि तिथेच थांबला. त्या दिवशी हल रेषा १४९.३३ वर आहे. भाव थांबला तरी रेषा चढत राहते: १५०.२०, १५०.८६, १५१.२८ आणि पाचव्या दिवशी १५१.४८. सहाव्या दिवसापासून ती उतरू लागते आणि अठराव्या दिवसापर्यंत उतरतच राहते. या संपूर्ण काळात भाव १५० वरून एक पैसाही हललेला नाही. बरेच ट्रेडर या रेषेच्या उतारावरूनच निर्णय घेतात: रेषा चढती असेल तर हिरवी, उतरती असेल तर लाल, आणि लाल झाली की विक्री. इथे विक्रीचा इशारा बाजारातून आलेलाच नाही, तो सूत्रातल्या वजाबाकीने तयार केलेला आहे. साधी भारित सरासरी अशा वेळी १४५ वरून सावकाश १५० पर्यंत चढते. ती उशीर करते, पण नसलेली घसरण दाखवत नाही.

हे चार्टवर ओळखायचं कसं? रेषा गेल्या काही दिवसांतल्या सर्वांत चढ्या बंद भावाच्याही वर किंवा सर्वांत उतरत्या भावाच्याही खाली गेलेली दिसली, तर ती भाव दाखवत नसून मागच्या वेगाचा अंदाज पुढे ओढत आहे. त्या जागेवरून रेषा परत वळली तर तो कल बदलल्याचा पुरावा धरू नये. स्वतः भाव वळला आहे का, ते बघावं.

आणखी एक तुलना करायलाच हवी, कारण ‘सोळा दिवस’ हे नाव फसवं आहे. भावातली रोजची निव्वळ इकडेतिकडे होणारी हालचाल सोळा दिवसांची साधी सरासरी एक चतुर्थांशावर आणते. सोळा दिवसांची हल सरासरी मात्र ती जेमतेम निम्म्यावर, ४९ टक्क्यांवर आणते. तेवढंच काम फक्त पाच दिवसांची भारित सरासरी करते, तिचा उशीर १.३३ दिवस असतो आणि ती पुढे कधीच निसटत नाही. म्हणजे हलची खरी लढत सोळा दिवसांच्या सरासरीशी नाही, पाच दिवसांच्या भारित सरासरीशी आहे. त्या लढतीत तिला मिळतो साधारण पाऊण दिवस. शिवाय तिची रेषा दिसायला अधिक गुळगुळीत असते, तिची एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडची थरथर जवळपास अर्धी असते, आणि हा फायदा खरा आहे. ज्याला रेषेच्या उतारावरून एका नजरेत दिशा पाहायची आहे, त्याला तो मोलाचा वाटू शकतो. ज्याला भाव रेषेच्या वर आहे की खाली एवढंच पाहायचं आहे, त्याच्यासाठी पंचवीस टक्के झोका ही फार मोठी किंमत आहे असं मला वाटतं.

कोणतीही नवी ‘लॅग नसलेली’ सरासरी समोर आली की एक्सेलमध्ये एक रकाना भरा: तीस वेळा १००, मग तीस वेळा ११०. शेजारच्या रकान्यात तिचं सूत्र चालवा. उत्तरांत ११० च्या वरचा आकडा आला, तर सूत्रात ऋण वजनं आहेत, नाव काहीही असो. नाही आला, तर दुसरा रकाना रोज एक रुपयाने चढवा आणि रेषा किती रुपये मागे चालते ते मोजा, तो तिचा उशीर. हे दोन आकडे हातात आले की जाहिरातीतले शब्द वाचायची गरज उरत नाही.