‘डर्ट इज गुड’ची मराठी करून बघा, तीनच शब्द आहेत, तरी घाम फुटतो

‘घाण चांगली असते.’

वाचून कसंतरी झालं ना? पण शब्दकोश उघडून ‘डर्ट इज गुड’चं भाषांतर केलं, तर हेच हाती लागतं. तीन सोपे शब्द, पाचवीतल्या पोरालाही अर्थ कळेल. तरी कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर हे मराठी वाक्य छापलं, तर ते पाकीट कुणी घरात आणेल असं वाटत नाही.

आता ही ओळ आली कुठून, ते बघू. युनिलिव्हर ही कंपनी एकाच प्रकारची धुण्याची पावडर वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकते. कुठे ओमो, कुठे पर्सिल, आपल्याकडे सर्फ एक्सेल. नावं वेगळी असली तरी जाहिरातीमागचा विचार एकच ठेवला, ‘डर्ट इज गुड’. म्हणजे पोरं खेळली, पडली, मळली तर त्यातून ती काहीतरी शिकतात, कपड्यांचं काय ते आम्ही बघू.

भारतात 2005 च्या सुमारास ही ओळ आली ती हिंदीतून, ‘दाग अच्छे हैं’. ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. शाळेतून येताना छोटी बहीण चिखलात पडते, रडते. मग भाऊ त्या चिखलालाच बदडून काढतो आणि स्वतः नखशिखांत माखतो.

गंमत इथेच आहे. हिंदीवाल्यांनी ‘डर्ट’चं भाषांतर केलंच नाही. ‘डर्ट’ म्हणजे काही ‘दाग’ नाही. डाग हा डर्टमुळे कपड्यावर उरतो.

त्यांनी असं का केलं असेल? इंग्रजीत ‘डर्ट’ या एकाच शब्दात दोन गोष्टी राहतात. एक मळ, घाण. दुसरी साधी माती, अंगणातली, मैदानातली. त्यामुळे ‘डर्ट इज गुड’ ऐकताना आधी दचकायला होतं आणि लगेच मातीत खेळणारं पोरगं डोळ्यांसमोर येतं. आपल्या भाषांत हे दोन अर्थ एका शब्दात मावत नाहीत. एक निवडला की दुसरा हातातून सुटतो.

मराठीत एकेक शब्द लावून बघू. ‘घाण’ म्हटलं की नाकाला वास येतो, गटार आठवतं. ‘मळ’ म्हटलं की कानातला किंवा अंगावरचा. ‘माती चांगली असते’ हे वाक्य तसं निर्दोष आहे, पण आमच्या मालवणात ते हापूसच्या कलमांच्या नर्सरीबाहेर लावलेलं जास्त शोभेल. शिवाय माती खाणं, माती करणं हे वाक्प्रचार पाठीमागे उभेच आहेत. राहिला ‘चिखल’. तो पावसाळ्यापुरता ठीक, पण एप्रिलच्या धुळीत खेळणाऱ्या पोराचं काय?

मग हिंदीच्या मागे जाऊन ‘डाग चांगले आहेत’ म्हणायचं का? सगळ्यात सोपा रस्ता हाच. बऱ्याच जाहिराती आधी हिंदीत तयार होतात आणि मराठी त्यावरून उतरवली जाते, त्यामुळे असं वाक्य पटकन होऊन जातं. पण त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली ‘आहेत’ची. मराठीत ‘आंबे गोड आहेत’ म्हणजे हे समोरचे आंबे. ‘आंबे गोड असतात’ म्हणजे एकूणच आंबे. जाहिरातीला एकूण डागांबद्दल बोलायचंय, समोरच्या एखाद्या डागाबद्दल नाही. तेव्हा हिंदीतल्या ‘हैं’च्या जागी डोळे मिटून ‘आहेत’ ठेवलं, तर कुणीतरी शर्ट हातात धरून डागांची तारीफ करतंय असं वाटतं. ‘डाग चांगले असतात’ त्यापेक्षा पुष्कळ बरं.

दुसरी अडचण ‘डाग’ शब्दाचीच. मराठीत डाग म्हणजे दागिनासुद्धा. ‘लग्नात चार डाग घातले’ असं जुनी माणसं आजही म्हणतात. त्यांच्या कानाला ‘डाग चांगले आहेत’ हे सराफाच्या दुकानातलं वाक्य वाटू शकतं. अर्थात पडद्यावर चिखल दिसत असताना हा घोळ होणार नाही. पण रेडिओवर किंवा भिंतीवर नुसती ओळ असेल, तर होईल.

मग करायचं काय? इथे ब्राझीलची युक्ती कामाला येते. तिथे ओमोची पोर्तुगीज ओळ साधारण ‘कारण मळणं भल्याचं असतं’ अशा अर्थाची आहे. म्हणजे त्यांनी वस्तूचं नाव सोडलं आणि क्रिया धरली. चांगली कोण? घाण नाही, मळण्याची क्रिया.

आणि मराठीकडे त्यासाठी नेमका शब्द आहे, ‘मळणं’. ‘मळ’ ऐकून नाक मुरडणारी आई ‘शर्ट मळला’ मात्र दिवसातून चारदा म्हणते. त्यात किळस नाही, रोजचं काम आहे. शाळेच्या दप्तरासाठी ‘मळखाऊ’ रंग शोधणारी भाषा आहे ही. (हा शब्द ज्याने काढला त्याला माझा नमस्कार.)

या क्रियापदावरून पहिला प्रयत्न केला, ‘खेळू दे, मळू दे’. कानाला गोड आहे, आई म्हणेल असं आहे. पण त्यात दचका नाही. ‘डर्ट इज गुड’ची सगळी मजा नकोशा गोष्टीला चांगलं म्हणण्यात आहे. इथे नुसती परवानगी उरली.

मग आठवलं ते लहानपणी ऐकलेलं बोलणं. पावसात खेळून, जांभ्याच्या लाल मातीने माखून आलं की दारातच विचारणा व्हायची, ‘खंय लोळान इलस रे?’ आणि प्रमाण मराठीत, ‘चांगलाच मळून आलास!’ बघा, ‘चांगला’ आणि ‘मळणं’ आपण आधीपासूनच एकत्र वापरतो, फक्त रागावताना. तेच वाक्य उलटवलं, पोर घराबाहेर पडताना आई म्हणते,

‘चांगलं मळून ये!’

यात ‘गुड’ही आलं, ‘डर्ट’ही आलं आणि दचकाही आला. ‘मळून ये’ मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, त्यामुळे ‘मळलास की मळलीस’ हा प्रश्न उरत नाही. बोलणारी आईच आहे, आणि पावडर विकत घेणारीही बहुतेक घरांत तीच.

अशी ओळ जमली की नाही, हे कसं ओळखायचं? पावडरीचं नाव न सांगता, चित्र न दाखवता ती कुणालातरी मोठ्याने म्हणून दाखवायची. ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न आला तर ओळ पडली. मी काकूला ही ओळ म्हणून दाखवली, तर ती लगेच म्हणाली, ‘आणि मगे धुतलो कोण?’ म्हणजे धुणार कोण. जाहिरातीला लोकांच्या मनात हाच प्रश्न हवा असतो.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. मूळ इंग्रजी ओळ ‘डाग जाईल’ असं कुठेही म्हणत नाही. मराठीत यमक जुळवण्याच्या नादात ‘कसलाही डाग पळवा’ असं काही घुसलं, तर तो नवा दावाच झाला. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेच्या नियमांप्रमाणे असा दावा कंपनीला सिद्ध करून दाखवता यायला हवा. आणि इथे तो अवघड आहे. लाल माती वाळू दिली, झटकली आणि मग धुतली तर बरीचशी निघते. पण केळीचा चीक किंवा काजूच्या बोंडाचा रस कपड्यावर पडला, तर तो हवेने काळपट होत जातो आणि धाग्यात बसतो. तो शर्ट पुढे बागेत घालायलाच ठेवतात.