तिघांची चूक, टक्के कोणाचे किती? (अपघात आणि भरपाई : लेखमाला)

मागच्या आठवड्यात आपण दोन वाहनांच्या धडकेबद्दल पाहिले. आज तिसरा पक्ष आणू, कारण भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर, म्हणजे जुन्या 6 क्रमांकाच्या रस्त्यावर, असा अपघात कोणालाही सहज डोळ्यांसमोर आणता येईल. धान निघाले की ट्रॅक्टर-ट्रॉल्या महामार्गावर येतात. त्याच रस्त्याने नागपूर-रायपूरचे मालट्रक धावतात आणि गावागावांतली माणसे दुचाकीवरून जातात.

पुढचा प्रसंग कल्पित आहे, पण त्याला लावलेले नियम खरे आहेत. डिसेंबरची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले, पूर्ण अंधार. लाखनी आणि साकोलीच्या मधे धानाची पोती भरलेल्या ट्रॉलीचे चाक पंक्चर झाले. ट्रॉली अर्धी डांबरावर, अर्धी कडेला. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. चालक चाक घेऊन गावात गेला. मागून दुचाकीवर दोघे मावसभाऊ आले. ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. चालवणाऱ्याने मागे न बघता उजवीकडे वळवली. त्याच दिशेने पाठोपाठ ट्रक येत होता. त्याने पुरेसे अंतर राखलेले नव्हते, आणि दुचाकी त्याच्याखाली आली. दोघेही गेले.

पोलिसांत गुन्हा दाखल होतो तो बहुधा ट्रकचालकावर, कारण धडक त्याची. भरपाईचा दावा मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तिथला प्रश्न वेगळा असतो. गुन्हा कोणाचा हे तिथे विचारत नाहीत. मृत्यूला कोणाची चूक किती कारणीभूत झाली हे विचारतात. पोलिसांचे आरोपपत्र हा एक पुरावा आहे, निकाल नाही.

आता टक्के कसे निघतात? त्यासाठी कुठले सूत्र नाही. न्यायाधीश मुख्यतः दोन गोष्टी पाहतात : प्रत्येकाने कोणती काळजी घ्यायला हवी होती, आणि ती न घेतल्याने हा अपघात प्रत्यक्षात किती घडला. आपल्या प्रसंगात धोका निर्माण केला तो ट्रॉलीने. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन सार्वजनिक जागी सोडू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 122 सांगते. ट्रॉली तिथे अंधारात नसती, तर कोणालाच वळावे लागले नसते. म्हणून तिच्यावर 50 टक्के धरू. ट्रकचालकाच्या हातात अंतर राखणे होते, ते त्याने राखले नाही : 30. दुचाकीस्वाराने ऐनवेळी मागे न बघता वळण घेतले : 20. दुसरा न्यायाधीश हेच 60-25-15 ठरवू शकेल, आणि अपिलात नागपूर खंडपीठ ते बदलू शकेल. हा अंदाज आहे. पण तो पुराव्यावर उभा असला पाहिजे.

पुरावा कुठला? घटनास्थळ पंचनाम्यात ट्रॉली डांबरावर किती होती, ट्रकच्या ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता का, अपघात किती वाजता झाला. वाहन निरीक्षकाच्या तपासणीत दिवे आणि ब्रेक कसे होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. अपघातानंतर वाहने बाजूला सरकवली जातात. त्यामुळे केवळ नकाशातल्या जागांवरून मृताची चूक ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितले आहे. आणि मृताची चूक होती असे जो म्हणतो, त्यानेच ती सिद्ध करायची. ट्रकचालक हयात असून साक्षीलाच उभा राहिला नाही, तर न्यायाधिकरण ते त्याच्या विरुद्ध धरू शकते.

इथे आणखी एक गोंधळ नेहमी होतो. दुचाकीवर तिघे बसले होते, हेल्मेट नव्हते, लायसन्स नव्हते, म्हणून इतके टक्के कापा, असा युक्तिवाद विमा कंपन्यांकडून सर्रास येतो. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तिघे बसल्याबद्दल उच्च न्यायालयाने केलेली 10 टक्के कपात रद्द केली. नियम मोडणे वेगळे आणि त्या मोडण्याने अपघात होणे किंवा इजा वाढणे वेगळे. कपात करायची तर हा संबंध दाखवावा लागतो. मृत्यू पोटावरून चाक गेल्याने झाला असेल, तर हेल्मेटचा मुद्दा उचलून काय उपयोग? माझ्या मते इथेच गरीब कुटुंबांचा सगळ्यात जास्त पैसा विनाकारण जातो.

आता या लेखाचा गाभा. टक्के एकच, पण दोन कुटुंबांचे गणित वेगळे. दोघांच्याही दाव्याची रक्कम सोयीसाठी 20 लाख धरू.

चालवणाऱ्याच्या कुटुंबाची रक्कम त्याच्या 20 टक्क्यांनी घटेल. 4 लाख गेले, 16 लाख उरले. हा मृताचा स्वतःचा वाटा, तो दुसऱ्या कोणाकडून मागता येत नाही. मागे बसलेल्याच्या कुटुंबाच्या रकमेतून मात्र एक रुपयाही कापायचा नाही. त्याने काही चूक केली नाही, आणि पुढच्या माणसाची चूक त्याच्या माथी मारता येत नाही. याचे ठळक उदाहरण 2024 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. महामार्गाच्या मधोमध पार्किंग दिव्यांशिवाय उभ्या राहिलेल्या ट्रेलरवर मोटार आदळली होती. खालच्या न्यायालयांनी मोटारचालकाची अर्धी चूक धरली आणि त्यामुळे प्रवाशांचीही भरपाई अर्धी केली. सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही अनुमाने नाकारून सगळी जबाबदारी ट्रेलरच्या मालकावर आणि विमा कंपनीवर टाकली.

उरलेल्या पैशाचे काय? चालवणाऱ्याच्या कुटुंबाला 16 लाखांपैकी ट्रॉलीच्या बाजूकडून 10 आणि ट्रकच्या बाजूकडून 6 अशी दोन दारे ठोठावायची सक्ती नाही. ट्रकची विमा कंपनी पैसे देऊ शकते, म्हणून सगळे 16 लाख तिच्याकडूनच मागता येतात. दोघांच्या चुकीतून तिसऱ्याचे नुकसान झाले, तर त्यातल्या कोणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते, हे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2015 साली स्पष्ट केले. टक्के आपापसात हिशेब मिटवण्यासाठी असतात. ट्रकच्या कंपनीने 16 लाख भरले, तर ट्रॉलीवाल्याकडून 10 लाख तिने परत मिळवायचे. मागे बसलेल्याच्या कुटुंबाला तर पूर्ण 20 लाख तिच्याकडूनच मिळू शकतात. मग 10 ट्रॉलीकडून आणि 4 दुचाकीच्या बाजूने मागण्याची जबाबदारी कंपनीची. दुचाकीस्वाराच्या वारसांना मात्र त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतेच देणे लागते.

ही सवलत भंडाऱ्यात फार मोलाची आहे. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता असतो, ट्रॉलीचा स्वतंत्र विमा अनेकदा नसतोच, आणि भाड्याने विटा किंवा वाळू वाहिली होती असे दिसले की कंपनी पॉलिसीच्या अटी मोडल्याचे सांगून हात झटकते. मग 50 टक्के चूक ज्याची, त्याच्याकडूनच काही मिळायची शक्यता कमी. टक्क्यांप्रमाणे पैसे मागायची सक्ती असती, तर तो तोटा कुटुंबाने सोसला असता.

दावा दाखल करताना म्हणून ट्रकचा मालक व विमा कंपनी, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मालक व त्याची कंपनी, सगळ्यांना सामनेवाले करावे. मागे बसलेल्याच्या दाव्यात दुचाकीची कंपनीही. कोणी वगळले गेले, तर त्याच्या पाठीमागे त्याचे टक्के ठरवणे योग्य नसते, आणि पैसे भरणाऱ्याला त्याच्याविरुद्ध वेगळी कारवाई करावी लागते. सगळे समोर असतील आणि टक्के निकालातच लिहिले असतील, तर वसुली त्याच प्रकरणाच्या अंमलबजावणीत होते. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. तेवढ्या काळात ट्रॉलीच्या मालकाचे नाव आणि विम्याचे कागद पोलीस ठाण्यातून मिळवून ठेवावेत, कारण पुढे ट्रॉली ओळखणेही कठीण होते.