कोणत्याच प्रोग्रॅमला न सापडणाऱ्या संख्या

२०२४ च्या जून महिन्यात पाय या संख्येचे २०२ लाख कोटी दशांश अंक काढल्याची बातमी आली. ज्या सूत्राच्या आधारे हे अंक काढले जातात, ते चुडनोव्हस्की बंधूंनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडले आणि त्याचे मूळ श्रीनिवास रामानुजन यांच्या १९१४ च्या शोधनिबंधातल्या श्रेणींमध्ये आहे. पायचे अंक कधीच संपत नाहीत आणि ठरावीक गट पुन्हापुन्हा येण्याची शिस्तही ते पाळत नाहीत. तरीही हे सगळे न संपणारे अंक एका छोट्या सूत्रात सामावलेले आहेत. वेळ, वीज आणि साठवणीची जागा द्या, पुढचा अंक हमखास मिळतो.

मग प्रत्येक संख्येच्या बाबतीत असेच असेल का? १९३६ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधल्या ॲलन ट्युरिंग नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाने या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे दिले, आणि ते सिद्धही केले. त्या काळी आजच्यासारखे संगणक नव्हते. ट्युरिंगने कागदावरच एक यंत्र कल्पिले: लांबच लांब पट्टी, पट्टीवरच्या चौकोनातले चिन्ह वाचणारे आणि बदलणारे एक टोक, आणि आता काय करायचे हे सांगणारा नियमांचा छोटा तक्ता. ज्या संख्येचे अंक असे एखादे यंत्र एकामागून एक छापत राहू शकते, तिला त्याने संगणनीय म्हटले. आजच्या भाषेत यंत्राच्या जागी प्रोग्रॅम म्हटले तरी अर्थ बदलत नाही.

उदाहरण म्हणून दोनचे वर्गमूळ घेऊ. त्याचे चार दशांश अंक हवे असतील तर ज्या पूर्ण संख्येचा वर्ग २० कोटींच्या आत राहतो अशी सर्वांत मोठी संख्या शोधायची. १४१४२ चा वर्ग १९,९९,९६,१६४ येतो, तर १४१४३ चा २०,००,२४,४४९, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. तेव्हा उत्तर १.४१४२ पासून सुरू होते, यात शंका उरत नाही. पायथॉन भाषेत हे असे लिहितात:

```python
from math import isqrt

def digit(n):
    return isqrt(2 * 10**(2*n)) % 10
```

`digit(1)` विचारले तर ४ मिळतात, `digit(4)` विचारले तर २, आणि दहा लाखावा अंक विचारला तर तोही मिळतो. सगळे अपूर्णांक, सगळी वर्गमुळे आणि घनमुळे, पाय, e, लॉगॅरिथमच्या तक्त्यातल्या संख्या या सगळ्या अशाच संगणनीय आहेत. शाळेत, बँकेत, कारखान्यात किंवा वेधशाळेत ज्या संख्यांशी गाठ पडते, त्या या कुटुंबाबाहेरच्या नसतात. त्यामुळे कुटुंबाबाहेर काही असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही.

ती शंका घ्यायचे कारण मात्र साधे आहे. प्रोग्रॅम कितीही गुंतागुंतीचा असला तरी तो मोजक्या अक्षरांनी लिहिलेला मजकूर असतो. म्हणून जगातल्या सगळ्या शक्य प्रोग्रॅमची यादी करता येते. आधी एका अक्षराचे, मग दोन अक्षरांचे, मग तीन अक्षरांचे, आणि समान लांबीचे असतील तर शब्दकोशाच्या क्रमाने. यादी अनंत लांब होईल, पण प्रत्येक प्रोग्रॅमला त्यात एक ठरलेला क्रमांक असेल. ०, १, २ असे मोजत गेले तर कुठला ना कुठला दिवस त्याचाही येईल.

संख्यारेषेवरच्या संख्यांची अशी यादी होत नाही. जर्मन गणिती गेऑर्ग कँटर यांनी १८९१ मध्ये त्याची जी सिद्धता दिली, ती काही ओळींत सांगता येते. समजा कोणी शून्य आणि एक यांच्यामधल्या संख्यांची यादी पुढे केली आणि तिची सुरुवात अशी आहे: ०.३३३३३…, ०.४१४२१…, ०.१४१५९…, ०.७१८२८…, ०.६१८०३…. पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे तिरके उतरत गेले की ३, १, १, २, ३ हे अंक मिळतात. आता नवी संख्या बनवायची. त्या जागी १ असेल तर २ लिहायचे, दुसरे काहीही असेल तर १ लिहायचा. मिळते ०.१२२११…. ही संख्या यादीतल्या पहिल्या संख्येपेक्षा पहिल्या अंकात वेगळी आहे, दुसरीपेक्षा दुसऱ्या अंकात, हजारावीपेक्षा हजाराव्या अंकात. म्हणजे ती यादीत कुठेच नाही. यादी कोणतीही आणा, ही युक्ती तिच्यातून सुटलेली संख्या दाखवून देते.

प्रोग्रॅमची यादी होते आणि संख्यांची होत नाही, म्हणजे प्रोग्रॅम पुरत नाहीत. किती पुरत नाहीत? शून्य ते एक हे अंतर एक मीटर लांबीच्या पट्टीएवढे आहे असे समजू. यादीतल्या पहिल्या संगणनीय संख्येवर एक मिलिमीटरचा तुकडा चिकटवायचा, दुसरीवर त्याच्या दहाव्या भागाचा, तिसरीवर त्याच्याही दहाव्या भागाचा. अशा रीतीने सगळ्या संगणनीय संख्या झाकल्या जातात आणि सगळ्या तुकड्यांची एकूण लांबी सव्वा मिलिमीटरसुद्धा होत नाही. पहिला तुकडा हजारपट लहान घेतला तर एकूण लांबीही हजारपट लहान होईल, आणि हे कितीही पुढे नेता येते. म्हणून संगणनीय संख्यांनी व्यापलेली लांबी शून्य आहे. संख्यारेषेवरचा एखादा बिंदू निव्वळ योगायोगाने निवडला, तर तो संगणनीय असण्याची संभाव्यता शून्य आहे.

इथे एक चाणाक्ष आक्षेप उभा राहतो. प्रोग्रॅमची यादी तर आपल्या हातात आहे. मग कँटरची युक्ती याच यादीवर एखाद्या प्रोग्रॅमकडूनच का चालवून घेऊ नये? क्रमांक १ चा प्रोग्रॅम चालवा, त्याचा पहिला अंक घ्या, बदला. क्रमांक २ चा चालवा, दुसरा अंक घ्या, बदला. जी संख्या निघेल ती प्रोग्रॅमने काढलेली, म्हणजे संगणनीय, आणि तरी संगणनीय संख्यांच्या यादीबाहेरची. ही उघड विसंगती आहे. ट्युरिंगने हा आक्षेप टाळला नाही, उलट त्याच्याच मागे जाऊन चूक कुठे आहे ते शोधले.

चूक यादीत आहे. यादीतला प्रत्येक प्रोग्रॅम अनंत अंक छापेलच असे नाही. बरेचसे तर व्याकरणदृष्ट्याच चुकलेले असतील. ते लगेच बाजूला काढता येतात. पण एखादा प्रोग्रॅम, समजा सत्तावन्नावा, छप्पन्न अंक व्यवस्थित छापतो आणि मग गप्प होतो. तो लांबलचक आकडेमोड करतो आहे, की एकाच चक्रात कायमचा अडकला आहे? थांबून वाट पाहिली आणि तो अडकलेला असेल, तर आपले काम तिथेच संपले. त्याला वगळून पुढे गेलो आणि तासाभराने त्याचा अंक येणार असेल, तर एक खरी संगणनीय संख्या आपण यादीतून उडवली. यादी निवडून स्वच्छ करणारा प्रोग्रॅम असता तर वरची विसंगती खरी ठरली असती. म्हणून तसा प्रोग्रॅम असूच शकत नाही.

यातूनच संगणनीय नसलेली एक संख्या नेमकी दाखवता येते. तिला ‘थ’ म्हणू. ‘थ’चा पहिला दशांश अंक असा ठरवायचा: यादीतला पहिला प्रोग्रॅम चालवल्यावर कधी तरी थांबत असेल तर १, कधीच थांबत नसेल तर ०. दुसरा अंक दुसऱ्या प्रोग्रॅमवरून, तिसरा तिसऱ्यावरून. प्रत्येक प्रोग्रॅम एक तर थांबतो किंवा थांबत नाही, त्यामुळे ‘थ’चा प्रत्येक अंक पक्का ठरलेला आहे. आता समजा ‘थ’चे अंक छापणारा प्रोग्रॅम कोणी लिहिला. मग ‘सत्तावन्नावा प्रोग्रॅम चालव आणि त्याचा सत्तावन्नावा अंक आला की थांब’ असा एक छोटा प्रोग्रॅम आपण बनवू, यादीतला त्याचा क्रमांक शोधू आणि ‘थ’च्या त्या जागी काय आहे ते पाहू. १ असेल तर अंक येणार हे निश्चित. तो येऊ द्यायचा आणि बदलायचा. ० असेल तर वाट न पाहता १ लिहायचा. आता कुठेच अडकायला होत नाही, कँटरची युक्ती विनाअडथळा चालते आणि तीच विसंगती पुन्हा समोर येते. म्हणून ‘थ’चे अंक छापणारा प्रोग्रॅम नाही, उद्याच्या कितीही वेगवान संगणकावरही असणार नाही.

या निष्कर्षाची मर्यादाही नीट समजून घ्यायला हवी. ‘थ’चे पहिले शंभर अंक काढता येत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही. शंभर अंक कोणतेही असोत, ते जसेच्या तसे छापणारा प्रोग्रॅम असतोच. नसतो तो सगळे अंक एकाच रीतीने काढत जाणारा प्रोग्रॅम. ‘थ’च्या खालून वर चढत जाणेही शक्य आहे. सगळीकडे ० लिहून सुरुवात करायची, यादीतले प्रोग्रॅम आळीपाळीने थोडे थोडे चालवायचे, जो थांबेल त्याच्या जागी १ करायचा. मिळणारी संख्या वाढत वाढत ‘थ’कडे जाते. पण आत्ता दिसणारे शून्य कायमचे आहे की उद्या त्याचा १ होणार, हे कळायला मार्ग नाही, म्हणून आपण ‘थ’पासून किती दूर आहोत तेही सांगता येत नाही. अशी चढत जाणारी, पण जिचे टोक संगणनीय नाही अशी श्रेणी स्विस गणिती एर्न्स्ट श्पेकर यांनी १९४९ मध्ये मांडली.

प्रत्यक्षात एकेक अंक मिळवायला किती कष्ट पडतात, याचा अनुभव गणित्यांनी घेतला आहे. दोन चिन्हे आणि पाच स्थिती एवढाच पसारा असलेली ट्युरिंग यंत्रे सुमारे १६.७ लाख कोटी आहेत. त्यातले थांबणारे कोणते आणि न थांबणारे कोणते, याचा निवाडा अनेक देशांतल्या हौशी आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र काम करून २०२४ मध्ये पूर्ण केला. पट्टी कोरी ठेवून सुरू केल्यावर थांबणाऱ्यांपैकी सर्वांत उशिरा थांबणारे यंत्र ४,७१,७६,८७० पावले टाकते, हे त्यातून सिद्ध झाले. हे यंत्र तीसहून अधिक वर्षांपूर्वीच माहीत होते. उरलेली सगळी वर्षे खर्ची पडली ती याहून उशिरा थांबणारे यंत्र नाही, हे दाखवण्यात. सहा स्थितींच्या यंत्रांकडे वळताच ‘अँटिहायड्रा’ नावाचे एक यंत्र आडवे आले. त्याचा नियमांचा तक्ता एका ओळीत मावतो. त्याच्या जागी ० लिहायचा की १, हे मात्र अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.