भाडं किती लावायचं? महिनाभर रिकाम्या फ्लॅटचा हिशेब

कोथरूडमधला एक टूबीएचके घेऊ. किंमत साधारण ९० लाख, त्यावर ६० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता बसतो सुमारे ५२,००० रुपये. त्याच सोसायटीत तसाच फ्लॅट २८,००० रुपयांना भाड्याने जातो. मालकाला वाटतं, निदान निम्म्याहून बराच जास्त हप्ता भाड्यातून निघायला हवा, म्हणून तो ३४,००० सांगतो. आकडे नमुन्याचे असले, तरी असा विचार घरोघरी होतो.

भाडं हप्त्यावरून ठरतं, हा पहिला गैरसमज. मालकाने कर्ज किती काढलं, फ्लॅट कोणत्या साली किती रुपयांना घेतला, याच्याशी भाडेकरूचा काही संबंध नसतो. तो त्याच परिसरातले तीन-चार फ्लॅट बघतो आणि त्यांतला परवडणारा घेतो. वरच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं ३ लाख ३६ हजार, म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्क्यांहूनही थोडं कमी. कर्जाचा दर साडेआठ टक्के असताना भाड्यातून हप्ता निघणार नाही, हे आधीच मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

मग बाजारभाव कळणार कसा? बहुतेक मालक मोबाइलवर जाहिराती चाळतात आणि दिसणाऱ्या आकड्यांची सरासरी काढतात. इथे फसगत होते. योग्य भाड्याचा फ्लॅट चार-आठ दिवसांत जातो आणि त्याची जाहिरात निघून जाते. महागडा फ्लॅट मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच राहतो. त्यामुळे कुठल्याही दिवशी यादी उघडली, तर तिच्यात न गेलेल्या फ्लॅटांची गर्दी जास्त असते. शिवाय तो आकडा मागितलेल्या भाड्याचा असतो, ठरलेल्या नव्हे.

ठरलेलं भाडं शोधायला महाराष्ट्रात चांगली सोय आहे. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असं अनेकांना वाटतं, ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदवलेल्या कराराची सूची क्रमांक २ तयार होते आणि ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. आपल्याच इमारतीतले गेल्या सहा महिन्यांतले दोन-तीन करार सापडले, तर शंभर जाहिरातींपेक्षा ते मोलाचे. ते जमत नसेल, तर नुकताच फ्लॅट दिलेल्या शेजाऱ्याला आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारावं.

आता मुख्य प्रश्न. बाजारभाव २८,००० आहे. मालकाने ३०,००० वर अडून बसावं की २८,००० ला लगेच देऊन टाकावं?

‘दोन हजार जास्त म्हणजे वर्षाला चोवीस हजारांचा फायदा’ हा हिशेब अर्धाच आहे. फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला आणि मग अकरा महिन्यांसाठी ३०,००० ने गेला, तर हाती येतात ३ लाख ३० हजार. त्याच साडेबारा महिन्यांत २८,००० ने ३ लाख ५० हजार आले असते. म्हणजे जास्त भाडं मिळवूनही वीस हजारांचं नुकसान. पण तोच फ्लॅट दहा दिवस थांबून ३०,००० ने गेला असता, तर साडेबारा हजारांच्या आसपास फायदा झाला असता. दोन्हींच्या मधली सीमारेषा जवळजवळ चोवीस दिवसांवर पडते. भाडेकरू बावीस महिने राहणार असेल, तर तीच रेषा सत्तेचाळीस दिवसांपर्यंत सरकते. याचा अर्थ अडून बसणं नेहमीच चूक नसतं. किती दिवस अडायचं, ते भाडेकरू किती काळ टिकेल यावर ठरतं. आणि बाजारापेक्षा महाग घरात माणूस सहसा कमी टिकतो. करार संपत आला की तो शेजारच्या गल्लीतल्या स्वस्त फ्लॅटची चौकशी करू लागतो.

मेंटेनन्स भाड्यातच धरलेला असेल, तर वरच्या तुलनेत फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा तो मालकच भरतो. पण भाडेकरू वेगळा भरणार असेल, तर रिकाम्या दिवसांचा मेंटेनन्सही मालकाच्या खिशातून जातो आणि ती सीमारेषा आणखी अलीकडे येते.

हाताशी ठेवायचं एक साधं माप असं: २८,००० च्या फ्लॅटचं एका दिवसाचं भाडं साधारण ९३३ रुपये. भाडं हजाराने उतरवलं, तर अकरा महिन्यांत ११,००० जातात. फ्लॅट बारा दिवस रिकामा राहिला, तरी तेवढेच जातात. त्यामुळे पहिला उतार महिनाभर थांबून नव्हे, आठ-दहा दिवसांत विचारात घ्यावा.

तो घ्यावा की नाही, हे फोनवरून कळतं. आठवडाभर फोनच आला नाही, तर बहुधा आकडाच चुकला आहे. फोन येतात, लोक बघून जातात, पण टोकन कोणी देत नाही, अशा वेळी आधी घराकडे बघावं: गळणारा नळ, ओल आलेली भिंत, पार्किंगची अडचण. आणि पहिल्याच संध्याकाळी तिघे टोकन घेऊन उभे राहिले, तर भाडं कमी लावलं गेलं असणार. फ्लॅट एक दिवसही रिकामा राहिला नाही, म्हणून भाडं बरोबर होतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. जाहिरातीत ३०,५०० लिहिणंही टाळावं. ‘तीस हजारांपर्यंत’ अशी चाळणी लावून शोधणाऱ्याला तो फ्लॅट दिसतच नाही.

करार वाढवताना दोन उलट गैरसमज भेटतात. एक, कायद्याने वर्षाला चारच टक्के वाढवता येतात. ती तरतूद भाडे नियंत्रणाखालच्या जुन्या भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात लिहिलेली वाढच चालते. दुसरा, दहा टक्के वाढ हा मालकाचा हक्कच आहे. पाच टक्क्यांऐवजी दहा मागितले, तर २८,००० वर महिन्याला १,४०० जास्त, अकरा महिन्यांत १५,४०० रुपये. त्यावरून वेळेवर पैसे देणारं कुटुंब निघून गेलं, तर नवा भाडेकरू येईपर्यंतचे वीस दिवसच १८,६०० च्या वर जातात, रंगकाम आणि एजंटचं ब्रोकरेज वेगळंच. बाजार खरोखर दहा टक्क्यांनी चढला असेल, तर मागणी रास्त आहे. तो चढला आहे की नाही, हे पुन्हा नोंदवलेल्या करारांवरून बघावं.

शेवटची गोष्ट कॅलेंडरची. पुण्यात कुटुंबं एप्रिल-मेमध्ये घर बदलतात, कारण जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात. पितृपक्षात मात्र अनेक जण नव्या घरात जायचं टाळतात. अकरा महिन्यांचा करार दर नूतनीकरणाला महिनाभर मागे सरकतो, त्यामुळे मेमध्ये संपणारा करार दोन फेऱ्यांनी मार्चमध्ये, वार्षिक परीक्षांच्या ऐन धामधुमीत संपतो. करार बारा किंवा चोवीस महिन्यांचाही नोंदवता येतो. फ्लॅट ऑक्टोबरमध्ये द्यायची वेळ आली, तर पहिला करार सात-आठ महिन्यांचा करून तो मेअखेर आणावा, आणि भाडेकरूने नोटीस दिली त्याच दिवशी फ्लॅट दाखवायला सुरुवात करावी.